‘स्वयंस्पष्ट’ शेऱ्याचं स्पष्टीकरण द्या

मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
आपली शेतकरी उत्पादक कंपनी, नळदुर्ग परिसर

सभेत आपण लेखापरीक्षकांच्या अहवालातलं एक वाक्य मोठ्या आवाजात वाचलंत. ‘या बाबीसंदर्भात आमच्या अभिप्रायात बदल नाही.’ टाळ्या पडल्या, हिशेब मंजूर झाले. ते वाक्य कोणत्या परिच्छेदातलं होतं, हे सांगायचं मात्र राहून गेलं. माझ्या लेखी अर्जांना उत्तर द्यायचं जसं राहिलं तसंच. म्हणून आता उघड लिहितो.

ते वाक्य आहे व्यापाऱ्याकडे अडकलेल्या 23 लाखांच्या दाव्याबद्दल. दावा कोर्टात आहे, निकाल काय लागेल ते ठाऊक नाही, आणि कंपनीने हे सगळं टिपणीत नीट मांडलंय. ऑडिटरने त्या टिपणीकडे फक्त बोट दाखवलं. याला ते ‘एम्फसिस ऑफ मॅटर’ म्हणतात. हिशेबात चूक आहे असं तो परिच्छेद म्हणत नाही. तेवढी टिपणी वाचल्याशिवाय ताळेबंद कळणार नाही, इतकंच म्हणतो. तिथे ‘अभिप्रायात बदल नाही’ हे वाक्य यायलाच हवं, आलंय. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे त्याच्या वरच्या परिच्छेदाबद्दल, जो आपण वाचलाच नाही. त्याचं शीर्षकच ‘सशर्त अभिप्रायाचा आधार’ असं आहे. 31 मार्चला गोदामात 1,920 क्विंटल सोयाबीन दाखवलंय, 4,400 रुपये भावाने 84 लाख 48 हजारांचं. ऑडिटर लिहितात की मोजणीचे तक्ते आणि गोदामाचं रजिस्टर आम्हाला मिळालं नाही, दुसऱ्या मार्गानेही खात्री करता आली नाही. म्हणून ‘याचा संभाव्य परिणाम वगळता’ बाकीचे हिशेब वास्तव चित्र दाखवतात.

माल कमी आहे असं ते म्हणत नाहीत, हे मलाही कळतं. चूक सापडली असती तर त्यांनी आकड्यासकट लिहिलं असतं. इथे चूक आहे की नाही हे बघायला कागदच नव्हते. एका संचालकांनी मला ऐकवलं, “मग आरोप कुठाय?” साहेब, आरोप नाहीच. ज्या मालावर सगळा नफा उभा आहे त्याचा पुरावा नाही, एवढंच आहे!

नफा किती? 10 लाख 80 हजार. शिल्लक माल 250 क्विंटलने जरी कमी भरला, तरी 11 लाख रुपये जातात आणि नफ्याच्या जागी तोटा येतो. 1,920 मधले 250, म्हणजे शंभरातले तेरा. आणि याच नफ्यावर आपण बोनस जाहीर केलात. अभिनंदन.

ही पुराव्याची उणीव एका बाबीपुरती राहिली तर अभिप्राय सशर्त राहतो. ती साऱ्या हिशेबात पसरली, तर ऑडिटर अभिप्राय द्यायलाच नकार देतात. मुंबईच्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या 2018-19 च्या हिशेबावर तसंच झालं होतं. नोव्हेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचं संचालक मंडळ बरखास्त केलं. आपण तिथवर गेलेलो नाही, पण ज्यांच्याकडे गोदामाचं रजिस्टर नाही त्यांनी निश्चिंत राहू नये.

आता आपल्या मंडळाच्या अहवालातलं ते सुप्रसिद्ध वाक्य. ‘लेखापरीक्षकांचे शेरे स्वयंस्पष्ट असून त्यावर अधिक भाष्याची आवश्यकता नाही.’ कंपनी कायद्याच्या कलम 134 नुसार ऑडिटरच्या प्रत्येक प्रतिकूल शेऱ्यावर मंडळाने स्पष्टीकरण द्यायचं असतं. कंपनीच्या कामकाजावर प्रतिकूल परिणाम करणारे शेरे सभेत वाचून दाखवावेत, असं कलम 145 सांगतं. ऑडिटरच्या अहवालाच्या पहिल्याच ओळीत ‘सभासदांना’ लिहिलेलं असतं, ‘अध्यक्षांना’ नव्हे. आमच्या नावचं पत्र आपण उघडलंत आणि त्यातलं सोयीचं वाक्य आम्हाला वाचून दाखवलंत.

काटापट्ट्या कुठे आहेत? रजिस्टर कुणाकडे आहे? ते हरवलं असेल तर कधी, आणि ऑडिटरला तसं लेखी का कळवलं नाही?

उपाय अवघड नाही. सभासदांसमोर गोदाम मोजा. मिळालेल्या आकड्यात 1 एप्रिलपासून विकलेला माल मिळवा, नव्याने घेतलेला वजा करा, सुकून घटलेलं वजन वेगळं दाखवा. 31 मार्चचा आकडा मागे जाऊन काढता येतो, पण खरेदी-विक्रीच्या पावत्या पक्क्या असतील तरच. त्या जितक्या उशिरा जुळवाल तितकं हे अवघड होत जाईल, आणि पुढच्या वर्षीचा सुरुवातीचा साठा हाच असल्याने हा शेरा तिथेही डोकं वर काढेल.

मोजणीची तारीख फलकावर लावा. तोवर बोनसचं वाटप थांबवा, आणि त्या ‘स्वयंस्पष्ट’च्या जागी चार ओळींचं खरं स्पष्टीकरण छापून प्रत्येक सभासदाला पाठवा.

आपला,
एक भागधारक शेतकरी, नळदुर्ग