ऋतूंचे रंग आणि आपला चेहरा

‘तुम्ही हिवाळा आहात, म्हणून शेंदरी रंग वापरू नका,’ असा सल्ला अलीकडे पुष्कळांना मिळतो. माणसाला ऋतू कसा असेल, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. म्हणून या पद्धतीचे मूळ आधी पाहू.

विद्यार्थी स्वतःच्या आवडीने रंग जुळवू लागले की ते रंग बहुधा त्यांच्याच वर्णाशी व केसांशी मेळ खाणारे असतात, असे स्विस चित्रकार योहानेस इटेन यांच्या ध्यानात आले. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या रंगविषयक ग्रंथात त्यांनी हे निरीक्षण नोंदविले आहे. पुढे अमेरिकेत कॅरोल जॅक्सन यांच्या १९८० च्या पुस्तकाने माणसांचे चार ऋतू घरोघर पोहोचविले. हे ऋतू युरोप-अमेरिकेतील निसर्गावरून घेतलेले आहेत, हे विसरता कामा नये. त्यांचा उन्हाळा आपल्या वैशाखासारखा रखरखीत नव्हे. त्यात पारवा, फिकट जांभळा असे शीतल व मवाळ रंग येतात. हिवाळ्याचे रंग शीतल पण ठसठशीत असतात, वसंताचे उबदार व टवटवीत, तर पानगळीचे उबदार पण दबलेले, म्हणजे विटकरी, शेवाळी, हळदी असे.

कापडाचा रंग चेहऱ्यावर परिणाम करतो, यात शंका नाही. हनुवटीखालच्या वस्त्रावरून उजेड परावर्तित होऊन गळ्यावर व जबड्याखाली पडतो. शिवाय शेजारच्या रंगामुळे मूळ रंग वेगळा भासतो. ही दुसरी गोष्ट शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ सालीच विस्ताराने मांडली होती. तेव्हा पाया खरा आहे. त्यावर उभारलेल्या चार खोल्यांत सगळी माणसे मावतात, हा दावा मात्र तितका पक्का नाही.

माझ्या परिचयातील एका भगिनींना एका सल्लागाराने ‘पानगळ’ ठरविले, तर दुसऱ्याने ‘हिवाळा’. त्यांच्या कपाटात दोन्ही प्रकारच्या साड्या होत्या, टाकाव्यात कोणत्या? अखेर आम्ही घरीच परीक्षा घेतली. सकाळी दहाच्या सुमारास, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीसमोर त्या बसल्या. चेहऱ्यावर पावडर नव्हती आणि केस पांढऱ्या कापडाने झाकले होते. पाहणाऱ्या तिघींना सल्लागारांचे मत सांगितले नव्हते, आणि प्रत्येकीने आपला कौल वेगळ्या कागदावर लिहिला.

कापडांच्या जोड्या निवडताना बहुतेकांची एक चूक होते. फिकट पिवळ्याशेजारी गर्द जांभळा धरला, तर जो फरक दिसतो तो उबदार-शीतलतेचा की गडदपणाचा, हे कळतच नाही. म्हणून आम्ही शेंदरीसमोर तितकाच गडद राणी रंग धरला आणि मोतियासमोर पांढरा. त्यानंतर गर्द डाळिंबीसमोर त्याच छटेचा फिकट गुलाबी धरून केवळ गडदपणा पाहिला. दर वेळी डोळ्यांखालची व नाकाशेजारची सावली वाढते की कमी होते, आणि नजर प्रथम चेहऱ्यावर जाते की कापडावर, एवढेच टिपायचे होते.

चार दिवसांनी तीच परीक्षा पुन्हा घेतली. गडद रंग त्यांना खुलून दिसतात व फिकट रंगांत चेहरा निस्तेज वाटतो, यावर दोन्ही दिवशी तिघींचे एकमत होते. शेंदरी की राणी, या प्रश्नावर मात्र मते विभागली आणि एकीचे तर दुसऱ्या दिवशी उलटले. म्हणजे दोघेही सल्लागार गडद रंगांपुरते बरोबर होते. ऋतूचे नाव तेवढे डळमळीत होते.

आपल्याकडे हे वारंवार घडण्याजोगे आहे. काळे केस व काळे-तपकिरी डोळे पाहून सरसकट ‘हिवाळा’ म्हणणे सोपे असते. परंतु गव्हाळ, सावळा, निमगोरा या वर्णांतील भेद त्यात बुडून जातात. मनगटावरील शिरा निळ्या की हिरव्या, यावरून निर्णय करणेही भरवशाचे नाही. शिरांचा रंग त्वचेतून उजेड कसा विखुरतो यावर अवलंबून असतो. भ्रमणध्वनीवरील छायाचित्र तर स्वतःच रंग बदलते.

मग या पद्धतीचा उपयोग काय? ऋतूचे नाव बाजूस ठेवून तीन प्रश्न विचारावेत: गडद की फिकट, ठसठशीत की मवाळ, उबदार की शीतल. ज्याचे उत्तर दोन वेगळ्या दिवशी तेच येईल तेवढेच स्वीकारावे. ते उत्तरही पोलके, ओढणी, सदऱ्याची कॉलर अशा चेहऱ्यालगतच्या वस्त्रांपुरतेच लागू करावे. निऱ्यांच्या रंगाचा उजेड चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही. त्या भगिनींनी एकही साडी टाकली नाही. आवडत्या फिकट अबोली साडीवर त्यांनी गर्द आमसुली पोलके शिवून घेतले, आणि प्रश्न तेथेच मिटला.