'मंजूर, मंजूर' आणि मौनाची किंमत

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना कोल्हापूर जिल्ह्यातील 'मंजूर, मंजूर' ही गर्जना नव्याने सांगावयास नको. विषयपत्रिकेवरील दहा-बारा विषय काही मिनिटांत आवाजी पद्धतीने संमत होतात आणि विरोधकांचे 'नामंजूर' त्या गदारोळात विरून जाते. या दृश्यावर टीका पुष्कळ झाली आहे. परंतु खरा निर्णय मंडपात होत नसतो. तो त्याआधी संचालक मंडळाच्या बंद खोलीत, अत्यंत शांतपणे झालेला असतो. चिंतेची बाब आहे ती ही शांतता.

काही वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याच्या विस्तारवाढीच्या चर्चेस प्रस्तुत लेखकाला अर्थशास्त्राचा अभ्यासक म्हणून बोलावण्यात आले होते. दैनिक गाळपक्षमता 2,500 टनांवरून 5,000 टनांवर न्यावयाची, असा प्रस्ताव होता. अध्यक्षांनी प्रारंभीच सांगितले, 'हा आपल्या सभासदांच्या स्वाभिमानाचा प्रश्न आहे. आता मागे हटायचे नाही.' त्यानंतर प्रत्येक वक्त्याने अनुमोदन दिले. विषयपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मी हिशेब मांडला. दीडशे दिवसांच्या हंगामात जुन्या क्षमतेला 3 लाख 75 हजार टन ऊस लागतो. नव्या क्षमतेला तेवढाच आणखी लागेल. एकरी 40 टन उतारा धरला, तरी सुमारे 9,400 एकरांवरील जादा ऊस हवा. तो यावयाचा कोठून? शेजारचे कारखानेही त्याच शिवारांवर अवलंबून होते. ऊस वाढला नाही, तर दुप्पट यंत्रे तोच ऊस पंचाहत्तर दिवसांत गाळतील. कर्जाचे व्याज मात्र बारा महिने चालू राहील.

मी हा हिशेब बोलून दाखविला नाही. एवढी अनुभवी मंडळी निःशंक आहेत, त्या अर्थी आपलेच काही चुकत असावे, असे वाटले. ठराव एकमताने झाला. चहाच्या वेळी एक संचालक हळूच म्हणाले, 'सर, उसाचं काय ते कळेना बघा.' थोड्या वेळाने दुसऱ्यानेही तेच विचारले. शेतकी अधिकाऱ्यांनाही तीच शंका होती. प्रत्येकाने दुसऱ्याचे मौन ही संमती समजली आणि त्या समजुतीपोटी स्वतःही मौन पाळले. विस्तार झाला. पुढील हंगाम तीन महिन्यांतच आटोपला आणि कर्जफेडीचा बोजा अखेर उसाच्या दरावर पडला. त्या मौनात माझाही वाटा होता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जेनिस यांनी 1972 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रवृत्तीला 'ग्रुपथिंक' असे नाव दिले. आपण तिला 'गटविचार' म्हणू. त्यांचे प्रमुख उदाहरण एप्रिल 1961 मधील क्यूबावरील फसलेल्या स्वारीचे आहे. सुमारे चौदाशे निर्वासित क्यूबन सैनिक 'बे ऑफ पिग्ज' येथे उतरविण्यात आले आणि तीन दिवसांत मोहिमेचा बोजवारा उडाला. अध्यक्ष केनेडी यांचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांचा या योजनेस विरोध होता. तो त्यांनी टिपणांतून कळविला होता. प्रत्यक्ष बैठकीत मात्र ते बहुतांशी गप्प राहिले आणि त्याची खंत त्यांनी पुढे स्वतःच नोंदविली.

परंतु गटातील माणसे भित्री असतात, एवढाच याचा अर्थ नव्हे. मतभेद उच्चारला गेला, तरी तो ऐकला जाईलच असे नाही. पानिपतच्या मोहिमेत 1760 साली सूरजमल जाटाने सदाशिवरावभाऊंना सल्ला दिला होता, की बायकामुले, जड तोफा व बुणगे मागे सुरक्षित किल्ल्यात ठेवावेत आणि सडी फौज घेऊन गनिमी काव्याने लढावे. मल्हारराव होळकरांचाही कल तिकडेच होता. त्या मसलतीतील नेमके शब्द साधनांगणिक बदलतात. सल्ला मानला गेला नाही, हे मात्र निश्चित. त्या प्रश्नाचा निकाल सल्ल्याच्या गुणावगुणांपेक्षा सल्लागाराच्या पायरीवरून लागला, असेच परंपरा सांगते. ऑक्टोबरअखेर अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडून दिल्लीचा मार्ग रोखला आणि लढणाऱ्यांबरोबर न लढणाऱ्यांचीही पोटे भरण्याचे ओझे छावणीवर आले. 14 जानेवारी 1761 रोजी सैन्य उपाशीपोटी रणांगणात उतरले.

म्हणून 'निर्भयपणे बोला' असे आवाहन करून भागत नाही. बैठकीची रीतच बदलावी लागते. त्यातील पहिली गोष्ट म्हणजे अध्यक्षाने शेवटी बोलणे. त्याचा कल आधी कळला, की पुढील प्रत्येक भाषण त्या कलावरील भाष्य होते. बोलण्याचा आरंभ कनिष्ठांपासून, म्हणजे शेतकी अधिकारी व हिशेबनीस यांच्यापासून व्हावा. केनेडींनी हा धडा घेतला होता. ऑक्टोबर 1962 च्या क्षेपणास्त्र पेचप्रसंगात ते काही बैठकांपासून हेतुतः दूर राहिले. सल्लागारांच्या गटांनी नाकेबंदी आणि हवाई हल्ला या पर्यायांवर वेगवेगळी टिपणे तयार केली व परस्परांच्या टिपणांतील उणिवा दाखविल्या.

दुसरी गोष्ट चिठ्ठ्यांची. चर्चेपूर्वी प्रत्येकाने प्रस्तावातील सर्वांत कच्चा वाटणारा आकडा लिहून द्यावा आणि सचिवाने त्या चिठ्ठ्या नावांवाचून वाचाव्यात. निर्णय-अभ्यासक गॅरी क्लाइन यांनी सुचविलेला प्रश्न येथे उपयोगी पडतो: 'तीन वर्षे लोटली असून योजना फसली आहे असे समजा, ती का फसली?' या प्रश्नामुळे शंका काढणे हा द्रोह न राहता सोपविलेले काम ठरते. आमच्या त्या बैठकीत अशा चिठ्ठ्या घेतल्या असत्या, तर निदान चार चिठ्ठ्यांवर 'ऊस' हा एकच शब्द निघाला असता.

तिसरी गोष्ट म्हणजे ठरावाला लगेच अंतिम रूप न देणे. पंधरा दिवसांनी दुसरी बैठक घ्यावी, मधल्या काळात बाहेरच्या जाणकाराकडून ते आकडे तपासून घ्यावेत आणि ज्याचे समाधान झाले नसेल त्याचा विरोध इतिवृत्तात कारणासह नोंदवावा. सहकार कायद्याने समितीच्या निर्णयांची जबाबदारी सदस्यांवर संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्याही टाकली आहे. तेव्हा ही नोंद म्हणजे बंडखोरी नव्हे. सदस्याचे ते कर्तव्यही आहे आणि संरक्षणही.

या उपायांना मर्यादा आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडत असताना चिठ्ठ्या गोळा करीत बसता येत नाही. एखाद्यास केवळ विरोधकाची भूमिका नेमून दिली, तर तिचे लवकरच नाटक होते. खोटा विरोध खऱ्या विरोधाइतका विचारास चालना देत नाही, असे शार्लान नेमेथ यांच्या प्रयोगांत दिसून आले आहे. आणि अध्यक्षाचा निर्णय आधीच झालेला असेल, तर ही सारी रीत निव्वळ देखावा ठरते.

तसा देखावा ओळखण्याची खूणही सोपी आहे. गेल्या वर्षभराची इतिवृत्ते काढून पाहावीत. चर्चेनंतर एकाही प्रस्तावातील एकही आकडा बदललेला नसेल, तर त्या मंडळाची खरी बैठक सभागृहात नव्हे, चहाच्या टेबलाभोवती भरते, असे खुशाल समजावे.