जिभेवरचा व्रण, बायोप्सीची भीती आणि ‘रक्तातल्या जंतूंवरून कर्करोग’ ओळखणारं संशोधन

मनमाडहून एक मुलगा आपल्या वडिलांना घेऊन आला होता. वडील साठीच्या आसपासचे, अनेक वर्षं तंबाखू खाणारे. जिभेच्या डाव्या कडेला दीड महिन्यापासून व्रण होता आणि बोट लावल्यावर त्याची कड टणक लागत होती. मी बायोप्सी करायला सांगितली. त्यावर मुलाने मोबाईल पुढे केला. एका नातेवाइकाने त्याला बातमी पाठवली होती: रक्तात फिरणाऱ्या जंतूंच्या डीएनएवरून कोणता कर्करोग आहे ते शास्त्रज्ञांना ओळखता येतं. “डॉक्टर, सुई किंवा सुरी लागली की गाठ पसरते म्हणतात. त्यापेक्षा ही रक्ताची तपासणी करून पाहिली तर?”

बातमी खोटी नव्हती, पण जुनी होती. ज्या संशोधनावर ती आधारलेली होती ते २०२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलं आणि जून २०२४ मध्ये मागे घेण्यात आलं. मागे घेतल्याची बातमी मात्र नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी पाठवली नव्हती. ते संशोधन नेमकं कुठे फसलं हे कळलं, तर जंतूंची लांबलचक यादी असलेला कोणताही जनुकीय रिपोर्ट हातात आल्यावर काय विचारायचं तेही कळेल.

आधी डीएनएच्या तुकड्यावरून जंतूचं नाव कसं शोधतात ते पाहू. यंत्र नमुन्यातला डीएनए वाचतं तेव्हा त्याला अखंड मजकूर मिळत नाही, छोटे तुकडे मिळतात. एक तुकडा साधारण १५० अक्षरांचा असतो आणि अक्षरं चारच: ए, सी, जी, टी. असे कोट्यवधी तुकडे असतात आणि त्यातला प्रत्येक कुणाचा आहे हे ठरवायचं असतं. प्रत्येक तुकडा जगातल्या सगळ्या ज्ञात जंतूंच्या पूर्ण डीएनएशी अक्षरागणिक ताडून पाहायला फार वेळ लागेल. म्हणून संगणक तुकड्याचेही ठरावीक लांबीचे छोटे शब्द पाडतो. या शब्दांना ‘के-मर’ म्हणतात. ‘के’ म्हणजे शब्दातल्या अक्षरांची संख्या. आठ अक्षरांच्या तुकड्यातून पाच अक्षरी शब्द असे निघतात:

```
ACGTTGCA
ACGTT
 CGTTG
  GTTGC
   TTGCA
```

दुसरीकडे, कोणता शब्द कोणत्या जीवात सापडतो याची एक प्रचंड सूची आधीच तयार असते, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. संगणक तुकड्यातला प्रत्येक शब्द त्या सूचीत पाहतो आणि ज्या जीवाच्या नावाला जास्त मतं मिळतील ते नाव तुकड्याला देतो.

मनमाडच्या माणसाला हे रेल्वेच्या भाषेत लगेच कळतं. फाटलेल्या वेळापत्रकाच्या तुकड्यावर नुसतं ‘मनमाड’ दिसलं तर गाडी कुठली ते सांगता येत नाही, कारण तीन मार्ग तिथे एकत्र येतात. ‘लासलगाव, मनमाड, नांदगाव’ दिसलं तर ती भुसावळच्या मार्गावरची. ‘मनमाड, येवला, कोपरगाव’ असेल तर दौंडच्या, आणि ‘मनमाड, नगरसूल, रोटेगाव’ असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या. नावांची साखळी लांब झाली की गोंधळ कमी होतो. डीएनएतही तसंच आहे. एखादा शब्द दोन जंतूंमध्ये सारखाच असेल तर चांगली प्रणाली त्यातलं एक नाव उगाच निवडत नाही. ती त्या दोघांच्या सामाईक कुळाचं नाव देते.

शब्द किती लांब असावा? ‘ब्लास्ट’ नावाची शोधप्रणाली १९९० पासून वापरात आहे. डीएनएसाठी ती सहसा ११ अक्षरांच्या शब्दापासून सुरुवात करायची. चार अक्षरांतून ११ अक्षरी शब्द सुमारे ४२ लाख प्रकारचे होतात. माणसाच्या डीएनएत ३०० कोटींहून जास्त अक्षरं आहेत. म्हणजे कोणताही ११ अक्षरी शब्द त्यात निव्वळ योगायोगाने सातशेच्या आसपास वेळा सापडू शकतो. म्हणून ब्लास्ट शब्द जुळला की तिथे थांबत नाही. त्या जागेपासून दोन्ही बाजूंना पुढे पुढे जुळवत जाते आणि जुळणी टिकली तरच ती ग्राह्य धरते.

‘क्रॅकन’ ही २०१४ मध्ये आलेली प्रणाली वेगासाठी हा पुढचा टप्पा गाळते. त्याऐवजी ती शब्दच ३१ अक्षरांचा घेते. ३१ अक्षरी शब्दांचे संभाव्य प्रकार इतके आहेत की तो आकडा लिहायला चारच्या पुढे अठरा स्थानं लागतात, त्यामुळे योगायोगाने जुळण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. १५० अक्षरांच्या तुकड्यातून असे १२० शब्द निघतात. वाचताना मधलं एक अक्षर चुकलं तर त्या अक्षरावरून जाणारे ३१ शब्द बाद होतात, पण ८९ शाबूत राहतात. तुकडा ओळखायला तेवढे पुरेसे आहेत.

इथपर्यंत सगळं ठीक आहे, आणि फसगत नेमकी इथेच होते. लांब शब्दामुळे योगायोग टळतो, पण सूचीतच नाव चुकीचं लिहिलेलं असेल तर शब्द कितीही लांब असला तरी उत्तर चुकतं. ते चुकीचं उत्तर अगदी अचूक जुळलेलं दिसतं, म्हणून ते जास्त फसवं.

सूचीत चुका शिरतात कशा? एखाद्या जंतूचा डीएनए प्रयोगशाळेत वाचताना त्यात माणसाचा डीएनए मिसळू शकतो. कधी तो ज्या रुग्णाकडून जंतू मिळाला त्याचा असतो, कधी हाताळणाऱ्याचा. मग जंतूच्या कच्च्या जीनोममध्ये माणसाचे छोटे तुकडे जंतूचेच म्हणून नोंदले जातात. २०१९ मध्ये स्टीव्हन साल्झबर्ग यांच्या गटाने सार्वजनिक संग्रहातल्या दोन हजारांहून अधिक जंतूंच्या जीनोममध्ये अशी मानवी भेसळ दाखवली होती.

आता २०२० च्या संशोधनाकडे येऊ. अमेरिकेतल्या ‘द कॅन्सर जीनोम ॲटलस’ या प्रकल्पात ३३ प्रकारच्या कर्करोगांच्या नमुन्यांचा डीएनए आणि आरएनए वाचलेला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोतल्या संशोधकांनी त्यातले माणसाच्या जीनोमशी न जुळलेले तुकडे घेतले आणि ते क्रॅकनला जंतूंच्या सूचीत शोधायला दिले. निकाल थक्क करणारा होता. प्रत्येक कर्करोगाची जंतूंची वेगळी ‘सही’ मिळाली आणि त्या सहीवरून संगणक कर्करोगाचा प्रकार जवळजवळ बिनचूक सांगू लागला. रक्ताच्या नमुन्यावरूनही हे जमेल असा दावा त्यात होता. मुलाच्या मोबाईलमधली बातमी याच दाव्याची होती.

पण ‘माणसाशी न जुळलेला’ तुकडा माणसाचा नसतोच असं नाही. त्या वेळी वापरात असलेला मानवी जीनोम अपुरा होता. सारखी अक्षरं पुन्हा पुन्हा येणारे त्याचे अवघड भाग, सुमारे ८ टक्के, २०२२ मध्ये पूर्ण वाचले गेले. शिवाय जुळवणीत काही मानवी तुकडे निसटतातच. असे निसटलेले तुकडे भेसळ असलेल्या सूचीत गेले आणि तिथे जंतूचं नाव घेऊन बाहेर आले.

२०२३ मध्ये अब्राहम गिहावी, साल्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी तेच नमुने पुन्हा तपासले. माणसाचे तुकडे नीट गाळले आणि स्वच्छ केलेली सूची वापरली. ‘जंतूंचे’ म्हणून मोजलेले लाखो तुकडे माणसाचेच निघाले. गंमत म्हणजे क्रॅकन बनवणाऱ्यांपैकी साल्झबर्ग स्वतः एक. म्हणजे आपल्याच हत्याराचा वापर कुठे चुकला ते कारागिरानेच दाखवलं. दुसरी चूक आकडे ‘समान पातळीवर’ आणण्याच्या गणितात होती. जिथे एखाद्या जंतूचा एकही तुकडा सापडला नव्हता, तिथेही त्या गणिताने कर्करोगाच्या प्रकारानुसार थोडा वेगळा आकडा भरला. संगणक तो आकडाच ओळखायला शिकला. त्यामुळे कोळंबीला होणारा एक विषाणूही माणसाच्या एका कर्करोगाची खूण ठरला होता! मूळ लेखकांनी आक्षेपांना लेखी उत्तरं दिली, पण शेवटी लेख मागे घेतला गेला.

याचा अर्थ गाठीत जंतू नसतातच असा काढू नका. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ‘ॲक्ट्रेक’ हे संशोधन केंद्र आहे. तिथल्या अमित दत्त यांच्या गटाने २०२२ मध्ये वेगवेगळ्या कर्करोगांच्या नमुन्यांत १०६० जंतू शोधले. डोके आणि मानेच्या कर्करोगांत त्यांना फ्युसोबॅक्टेरियम हा जीवाणू लक्षणीय प्रमाणात मिळाला. जिभेच्या कर्करोगात तो जास्त असलेल्या रुग्णांमध्ये मानेच्या गाठींत पसरण्याचं प्रमाण जास्त आणि जगण्याचं प्रमाण कमी दिसलं. हा निष्कर्ष मला अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण तो फक्त सूचीतल्या जुळणीवर उभा नाही. सूज आणणाऱ्या घटकांशी असलेला त्याचा संबंध त्यांनी जिभेच्या गाठींच्या नमुन्यांत वेगळा तपासून पाहिला. शिवाय हा जीवाणू तोंडात राहणाराच आहे, तो तिथे सापडणं अशक्य कोटीतलं नाही. पण निरोगी माणसाच्या तोंडातही तो असतो, म्हणून तो सापडला यावरून कर्करोगाचं निदान होत नाही.

मग खरी जुळणी ओळखायची कशी? फ्युसोबॅक्टेरियमच्या डीएनएत सुमारे २२ लाख अक्षरं आहेत. समजा रिपोर्टमध्ये त्याचे १००० तुकडे सापडल्याचं लिहिलं आहे. जीवाणू खरोखर नमुन्यात असेल तर हे तुकडे त्या २२ लाख अक्षरांवर इकडे तिकडे विखुरलेले दिसतील. तेच हजार तुकडे दोन-तीनशे अक्षरांच्या एकाच जागी ढीग लागल्यासारखे पडले असतील, तर तिथे भेसळ आहे अशी शंका घ्यावी. संसर्गाचं कारण सापडत नाही तेव्हा हल्ली पाठीच्या पाण्याचा किंवा रक्ताचा असा जनुकीय तपास काही वेळा केला जातो, आणि रिपोर्टमध्ये आठ-दहा जंतूंची नावं येतात. अशा वेळी डॉक्टरांना विचारा की तुकडे किती होते आणि ते जीनोमभर पसरले होते का. सोबत तपासलेल्या कोऱ्या नमुन्यातही तेच जंतू आले होते का, हेही विचारा. आले असतील तर ते बहुधा रसायनांतून किंवा प्रयोगशाळेतून आलेले असतात. आणि ज्या जंतूवर औषध सुरू करायचं आहे त्याची खात्री कल्चर किंवा पीसीआरने होऊ शकते का, हे विचारायला संकोच करू नका.

त्या मुलाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. सांगितलं ते इतकंच, की ज्या तपासणीची बातमी तू दाखवतोस तिच्या मागचं संशोधन परत घेतलं आहे, आणि बायोप्सीने तोंडाचा कर्करोग पसरतो ही भीती खरी नाही. जागा बधिर करून व्रणाच्या कडेचा काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाता येतं आणि काही दिवसांत रिपोर्ट येतो. तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही तर तो दाखवायलाच हवा. इथे आधीच दीड महिना गेला होता.

बायोप्सी त्याच आठवड्यात झाली. रिपोर्टमध्ये कर्करोग निघाला, पण गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा लहान होती आणि स्कॅनमध्ये मानेत काही दिसलं नाही. शस्त्रक्रियेच्या तारखेसाठी बापलेक पंचवटीने मुंबईला गेले.