पांढरा रंग म्हणजे शून्य, की आणखी काही?

वैद्यकीय शोधनिबंधांत आणि आता आरोग्याच्या बातम्यांतही रंगीत चौकटींचा एक तक्ता हमखास दिसतो. त्याला हीटमॅप म्हणतात. वय, वजन, साखर, हिमोग्लोबिन अशी मोजमापे आडव्या ओळीत लिहितात, तीच उभ्या रकान्यातही लिहितात आणि प्रत्येक जोडीतील सहसंबंध त्यांच्या चौकटीत रंगाने दाखवतात. सहसंबंधाचा आकडा उणे १ ते अधिक १ या मर्यादेतच असतो. एक मोजमाप वाढले की दुसरेही वाढत असेल तर तो अधिक, दुसरे घटत असेल तर उणे आणि सरळ रेषेतला संबंधच नसेल तर शून्याच्या आसपास. अधिकाला लाल, उण्याला निळा आणि शून्याला पांढरा असा रिवाज आहे. गोची होते ती या रिवाजाचा ‘पांढरा’ नेमका कुठे बसतो, इथे.

समजा, मधुमेहाच्या रुग्णांची सहा मोजमापे घेतली : वय, बीएमआय, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर. त्यांत सर्वांत कमी आकडा वय आणि ईजीएफआर यांचा, उणे ०.४ आला. सर्वांत मोठा अर्थातच १, कारण तिरक्या ओळीत प्रत्येक मोजमापाचा स्वतःशीच संबंध लावलेला असतो. रंगपट्टीची टोके आपण सांगितली नाहीत, तर पायथनमधील सीबॉर्नसारखी प्रचलित साधने ती हाती आलेल्या आकड्यांवरूनच ठरवतात. इथे पट्टी उणे ०.४ पासून १ पर्यंत ताणली जाईल. तिचा मध्य ०.३ वर येतो आणि पांढरा रंग तिथे जाऊन बसतो.

आता वाचणाऱ्याला काय दिसेल? हिमोग्लोबिन आणि ईजीएफआर यांचा सहसंबंध ०.३ असेल, तर ती चौकट पांढरी दिसेल आणि संबंध नाही असे वाटेल. प्रत्यक्षात मूत्रपिंड निकामी होऊ लागले की एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कमी पडते आणि रक्तक्षय होतो; म्हणजे जो संबंध डॉक्टरने पाहायला हवा, तोच पुसला गेला. उलट वय आणि बीएमआय यांचा आकडा शून्य असेल, तर ती चौकट निळी दिसेल आणि वय वाढले की बीएमआय घटतो असा समज होईल. आकडेमोड बरोबर, निष्कर्ष चूक.

दुसरा धोका याच्या उलट आहे. तिरकी ओळ लपवली आणि उरलेले आकडे उणे ०.१ ते ०.२५ यांतच असले, तर ०.२५ची चौकट गडद लाल होते. पण सहसंबंधाचा वर्ग केला की एका मोजमापातील चढउतारांचा किती वाटा दुसऱ्याशी जुळतो ते कळते. ०.२५चा वर्ग जेमतेम ०.०६, म्हणजे शंभरातले सहा. रंग मात्र ‘सापडले!’ असे ओरडत असतो.

इंद्रधनुषी पट्टीही टाळावी. तिच्यात पिवळा सर्वांत उजळ असल्याने डोळा तिथेच अडकतो आणि हळूहळू बदलणाऱ्या आकड्यांत नसलेल्या सीमारेषा दिसू लागतात. लाल-हिरवी जोडी तर रंगांधळ्या वाचकाला सारखीच दिसू शकते. लाल-निळी त्याला बहुधा ओळखता येते.

पट्टी बरोबर असली तरी एक प्रश्न उरतोच. ईजीएफआर काढायच्या सूत्रात क्रिएटिनिन आणि वय हे दोन्ही आधीच घातलेले असतात. त्यामुळे वयाशी दिसणारा निळा रंग काही अंशी सूत्रातूनच आलेला आहे. तक्त्यात क्रिएटिनिन घेतले असते, तर त्याची ईजीएफआरशी चौकट गडद निळी निघाली असती आणि तो शोध नव्हे, निव्वळ पुनरुक्ती ठरली असती. हे कोणतीही पट्टी सांगत नाही. मोजमाप कसे काढले ते माहीत असावे लागते.

माझे मत स्पष्ट आहे. पदव्युत्तर प्रबंध तपासणाऱ्या मार्गदर्शकांनी ज्या हीटमॅपशेजारी आकड्यांसह रंगपट्टी नाही, तो परत करावा. पट्टी उणे १ ते अधिक १, शून्य बरोबर मध्यावर आणि प्रत्येक चौकटीत आकडा छापलेला, एवढे तीन नियम पुरेत. सीबॉर्नमध्ये त्यासाठी `vmin=-1, vmax=1, cmap="RdBu_r", annot=True` एवढेच लिहावे लागते. अशी पट्टी लावल्यावर बहुतेक चौकटी फिकट दिसतात आणि चित्र नीरस होते, अशी विद्यार्थ्यांची तक्रार असते. संबंधच फिके असतील, तर चित्र फिके दिसणे हाच त्याचा खरेपणा आहे. वाचकांनीही चौकटींकडे वळण्याआधी पट्टीची दोन टोके आणि पांढऱ्यासमोरचा आकडा वाचावा. तिथे शून्य नसेल, तर रंग विसरून आकडेच पाहावेत.