पुराव्याविना गुण म्हणजे निव्वळ हुकूम

गिरणीतल्या कामगाराचे काम मोजायला कापडाचा वार होता. कॉल सेंटरमधील कामगाराचे काम म्हणजे बोलणे. ते मोजण्यासाठी व्यवस्थापनाने गुणपत्रिका शोधून काढली आहे. संभाषणाची लेखी प्रत समोर ठेवायची, ठरवून दिलेल्या संहितेतील पायऱ्या तपासायच्या आणि प्रत्येकीला गुण द्यायचे. या गुणांवर इन्सेन्टिव्ह ठरतो, पाळी ठरते आणि पुढे नोकरीही ठरते. मग हे गुण कशाच्या आधारावर दिले, हे विचारण्याचा अधिकार कामगाराला असू नये काय?

एक नमुना घेऊ. शनिवार पेठेतील एका जुन्या वाड्यातून इंटरनेट बंद पडल्याचा फोन येतो. संहितेत सहा पायऱ्या आहेत : अभिवादन १० गुण, ओळखीची पडताळणी २५, तक्रार परत बोलून दाखवणे १५, उपाय व त्याची वेळ ३०, 'आणखी काही मदत?' १० आणि समारोप १०. क्वालिटी विभागाच्या पत्रिकेत १०, ०, १५, १५, ०, ० असे आकडे पडतात. १०० पैकी ४०. उत्तीर्ण होण्यासाठी ८० लागतात, म्हणून त्या महिन्याचा इन्सेन्टिव्ह बुडाला. पत्रिकेवर शेरा एवढाच : 'पडताळणी केली नाही, समारोप नाही.'

आता प्रत्येक आकड्यासमोर लेखी प्रतीतील ओळ लिहायची सक्ती करा. ओळ २ मध्ये ग्राहक आपण होऊन सांगतो, 'रमणबागेजवळून बोलतोय, कनेक्शन याच नंबरावर, माझ्याच नावावर आहे,' आणि पाठोपाठ नाव व पत्ताही देतो. ओळ ३ मध्ये कामगार तरुणी म्हणते, 'नाव, पत्ता, नंबर जुळला. म्हणजे सकाळपासून लाल दिवा आहे, बरोबर?' खात्याची माहिती ती प्रथम देते ते ओळ ५ मध्ये. माहिती देण्यापूर्वी ओळख पटवावी, एवढाच नियम आहे, आणि तो पाळला गेला. तपासनीस 'कृपया आपले नाव सांगा' हे ठराविक वाक्य शोधत होता. ते सापडले नाही, म्हणून त्याने शून्य दिले. हीच माहिती तिने ओळ २ च्या आधी दिली असती, तर मात्र शून्य योग्य ठरले असते. क्रम कोणता होता, हे ओळींचे आकडेच सांगतात, तपासनिसाची आठवण नव्हे.

शेवटच्या दोन पायऱ्यांची गोष्ट निराळी आहे. ओळ १२ मध्ये ग्राहक 'बरं, ठेवतो' म्हणून फोन बंद करतो. जी संधी मिळालीच नाही तिचे शून्य कसे होणार? तेथे 'लागू नाही' असे लिहून ते २० गुण एकूण बेरजेतूनच वगळले पाहिजेत.

उरला उपाय. ओळ ९ म्हणते, 'आज माणूस येईल.' वेळ सांगितली नाही, तक्रार क्रमांकही दिला नाही. येथे १५ गुण कापणे रास्तच आहे. पुराव्याची मागणी म्हणजे चुकांना अभय नव्हे. हिशेब झाला ८० पैकी ६५, म्हणजे ८१ टक्के. संभाषण तेच, संहिता तीच. फरक फक्त ओळी दाखवण्याचा.

'केले नाही' याला ओळ कोठून आणायची, असा प्रश्न व्यवस्थापन विचारते. उत्तर सरळ आहे. ती पायरी कोणत्या ओळींच्या दरम्यान यायला हवी होती ते लिहावे आणि त्या ओळी जशाच्या तशा उतरवाव्यात. तसे करताना तपासनिसाला त्या वाचाव्या लागतात; येथील पहिले शून्य तेवढ्यानेच गळून पडले असते. मात्र ओळ पूर्ण असली पाहिजे. 'एक मिनिट थांबा, तपासून सांगते' यातून 'थांबा' एवढेच उचलले, तर सौजन्याचा उद्धटपणा होतो. शिवाय कागदावर आवाजाचा सूर उतरत नाही आणि लेखी प्रतीतही चुका होतात. म्हणून वादग्रस्त ओळ मूळ ध्वनिमुद्रण ऐकूनच निकालात काढली पाहिजे.

१९७१ साली औद्योगिक विवाद कायद्यात '११ अ' हे कलम घालण्यात आले आणि बडतर्फ कामगाराच्या खटल्यातील पुरावा स्वतः पुन्हा तोलण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला मिळाला. त्यामागचे तत्त्व साधे होते : शिक्षा देणाऱ्याचा शब्द हा पुरावा नव्हे. परंतु बुडालेला इन्सेन्टिव्ह म्हणजे बडतर्फी नव्हे, आणि पन्नास कमी गुणपत्रिकांनी कंटाळून दिलेला राजीनामाही कागदोपत्री बडतर्फी ठरत नाही. ही शिक्षा न्यायालयाच्या दारापर्यंत पोचतच नाही. म्हणूनच ओळींचा रकाना हा कामगाराचा पहिला आणि बहुधा एकमेव बचाव आहे.

यात वेळ जातो, अशी तक्रार केली जाते. सहा पायऱ्यांसाठी सहा उतारे लिहायला जेवढा वेळ लागेल तेवढा जाईल. ज्यांना तो परवडत नाही, त्यांनी कमी संभाषणे तपासावीत. ज्या आकड्याला ओळ नाही, त्या आकड्यावरून एक रुपयाही कापता कामा नये. आणि भरलेली पत्रिका लेखी प्रतीसह कामगाराच्या हाती पडली पाहिजे, ती पगार ठरल्यानंतर नव्हे, ठरण्यापूर्वी.