किरकोळ जखम आणि पसरणारी लाली

दुकानात माल उतरवताना पत्र्याची पट्टी बोटाला लागते, घरात विळीचा निसटता वार बसतो, मंदिराच्या आवारात अनवाणी पायाला खडा रुततो. अशा जखमा रोजच्याच असतात आणि बहुतेक आपोआप भरूनही येतात. ज्या भरत नाहीत, त्या मात्र आपला विचार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्पष्ट सांगू लागतात. ते सांगणे वेळीच ओळखता आले, तर चार दिवसांच्या गोळ्यांवर भागते. ओळखता आले नाही, तर रुग्णालयाची पायरी चढावी लागते.

त्वचा कापली गेली की शरीर तेथे अधिक रक्त पाठवते. म्हणून पहिले एक-दोन दिवस जखमेच्या कडेला बारीक गुलाबी रेघ, थोडी सूज आणि हलकी वेदना असणे स्वाभाविक आहे. ही दुरुस्तीची खूण होय. तिचा कल दिवसागणिक उताराचा असतो. याउलट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वेदना वाढू लागली, ठणका लागला, लाली जखमेची कड सोडून बाहेर सरकली आणि जागा हाताला गरम लागली, तर त्वचेवरचे जंतू आत शिरून वाढत आहेत असे समजावे. एका दिवसाच्या स्थितीपेक्षा चढ आहे की उतार, हेच येथे महत्त्वाचे. सावळ्या वर्णावर लाली नीट दिसत नाही. तेथे उष्णता, ताण पडून चकाकणारी त्वचा आणि दाबल्यावर जाणवणारा कडकपणा यांवर भिस्त ठेवावी.

उपचाराची सुरुवात पाण्याने होते. प्रथम स्वतःचे हात साबणाने धुवावेत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे, मध्ये उघडून न पाहता, दाब द्यावा. मग पिण्यायोग्य पाण्याच्या धारेखाली जखम पाच ते दहा मिनिटे धुवावी. ज्या घरांत पाणी उकळून वापरले जाते, तेथे ते निवलेले पाणी आयतेच हाताशी असते. साबण जखमेभोवतीच्या त्वचेला लावावा. जंतूंचा बराचसा भार या धारेबरोबर वाहून जातो. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट किंवा पाणी न मिसळलेले जंतुनाशक जखमेत ओतल्यास नव्याने तयार होणाऱ्या पेशीच भाजतात. हळद, राख किंवा कॉफीची पूडही जखमेत भरू नये. त्यांत जंतू असू शकतात, शिवाय त्यांच्या रंगाखाली पसरणारी लाली झाकली जाते. बोटात अंगठी असेल तर ती सूज येण्यापूर्वीच काढावी. नंतर ती निघत नाही आणि बोटाचा रक्तपुरवठा आवळते.

धुतल्यावर जागा हलकेच टिपून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा, वर निर्जंतुक गॉज ठेवावे आणि कागदी चिकटपट्टीने ते बसवावे. पट्टी बोटाभोवती घट्ट गुंडाळू नये. ती रोज एकदा आणि भिजल्यास लगेच बदलावी. हात उशीवर उंच ठेवला की ठणका कमी होतो. धनुर्वाताच्या लसीचा हिशेबही त्याच दिवशी पाहावा. स्वच्छ, लहान जखमेला दहा वर्षांच्या आतली मात्रा पुरते. माती किंवा शेण लागलेल्या अथवा खोल जखमेला ती पाच वर्षांच्या आतली असावी लागते.

आता एक उदाहरण कल्पून पाहावे. भांड्यांच्या दुकानाचे मालक, वय अठ्ठावन्न, मधुमेहाची गोळी चालू. सोमवारी दुपारी खोक्याच्या पट्टीने तर्जनी कापली. गिऱ्हाईक उभे होते म्हणून ती रुमालाने पुसून वर हळद दाबली गेली. मंगळवारी फारसे दुखले नाही. मधुमेहात नसांची जाणीव मंदावलेली असू शकते, म्हणून न दुखणे हा तेथे निर्धोक पुरावा नव्हे. बुधवारी संध्याकाळी बोट ठणकू लागले आणि लाली हाताच्या पाठीपर्यंत आली. सुनेने जखम धुतली, लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढली आणि बाजूला ‘बुधवार, रात्री ८’ असे लिहिले.

ही रेघ म्हणजे घरच्या घरी ठेवता येणारी सर्वांत भरवशाची नोंद आहे. ‘कालपेक्षा बरे वाटते’ या आठवणीवर विसंबावे लागत नाही. गुरुवारी सकाळी सातला लाली रेघेच्या दोन बोटे पुढे गेली होती, मनगटापासून कोपराकडे एक बारीक लाल शीर चढलेली दिसत होती, काखेत दुखरी गाठ आली होती आणि ताप १०१ अंश फॅरेनहाइट होता. लाल शीर म्हणजे जंतू रसवाहिन्यांच्या वाटेने वर निघाल्याची खूण, तर काखेतली गाठ म्हणजे त्या वाटेवरची चौकी सुजल्याची खूण. घरच्यांनी डॉक्टरांची संध्याकाळची वेळ न पाहता तत्काळ रुग्णालय गाठले. रक्तातील साखर २८० निघाली, कारण जंतुसंसर्गात साखर चढते आणि चढलेली साखर जंतूंशी लढण्याची ताकद घटवते. दोन दिवस शिरेतून प्रतिजैविक द्यावे लागले. शनिवारी लाली रेघेच्या आत आली, मग उरलेल्या मात्रा गोळ्यांनी पूर्ण झाल्या. औषध सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी लाली किंचित पुढे सरकू शकते, परंतु अठ्ठेचाळीस तासांनंतरही ती वाढतच असेल तर डॉक्टरांना पुन्हा दाखवलेच पाहिजे.

काही लक्षणांत रेघ ओढून वाट पाहण्यालाही जागा नसते. बोट आखडून वाकलेले राहणे आणि सरळ करताना असह्य कळ येणे, हे स्नायुबंधाच्या आवरणात पू झाल्याचे लक्षण असू शकते. दिसणाऱ्या जखमेच्या मानाने फारच तीव्र वेदना, जांभळी-काळी पडणारी त्वचा, पाण्याचे फोड, थंडी वाजून ताप, धाप, बोलण्यात असंबद्धता यांपैकी काहीही आढळल्यास रात्र असली तरी निघावे. मधुमेही, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर लाली पसरू लागल्याचे दिसताच त्याच दिवशी दाखवावे. प्राण्याच्या किंवा माणसाच्या चाव्याची जखम कितीही लहान असली तरी हाच नियम.

कपाटातल्या जुन्या पट्टीतल्या दोन गोळ्या घेणे किंवा औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडयुक्त मलम आणणे टाळावे. अपुऱ्या मात्रेने जंतू दबतात, मरत नाहीत. स्टेरॉइडने लाली फिकी दिसते, पण आतला संसर्ग वाढत राहतो. ज्यांचा चौविहार असतो किंवा उपवास चालू असतो, त्यांनी ते डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगावे, म्हणजे शक्य असेल तेथे त्या वेळांत बसणारे औषध निवडता येते आणि मधुमेहाच्या गोळीचाही मेळ घालता येतो. न सांगता रात्रीची मात्रा गाळली, तर रक्तातील औषधाचे प्रमाण घसरते आणि सकाळी लाली पुन्हा रेघेबाहेर दिसते.