गॅलरीत ओढली तरी धूर घरात येतोच

मुलाला दमा आहे असे कळले की आम्ही शिक्षक पालकांना पहिला प्रश्न विचारतो, घरात कोणी सिगारेट-विडी ओढते का? बहुतेक वेळा उत्तर मिळते, "ओढतात, पण मुलांसमोर नाही. अब्बा गॅलरीत जातात."

गॅलरीचे दार उघडताच धूर आत येतो. उरलेला अब्बांच्या केसांत, दाढीत, शर्टात बसून येतो आणि पडद्यांत, गाद्यांत मुरतो. दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात. धूर लागला की भोवतीचे स्नायू आवळतात, सूज वाढते, चिकट कफ साचतो आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. मुलांच्या नलिका मुळातच अरुंद असतात आणि त्यांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो. म्हणून थोडा धूरही त्यांना जास्त बाधतो.

आमच्या ओळखीच्या एका घरात बाप-लेक दोघांनाही दमा. चौथीतली मुलगी आठवड्यातून तीन-चार रात्री खोकत उठायची. वडील रोजचा स्टेरॉइडचा पंप घ्यायचे आणि म्हणायचे, "याने काही फरक पडत नाही." फरक पडत नव्हता याला कारण होते. सिगारेट ओढणाऱ्याच्या फुप्फुसांत हे औषध कमी काम करते.

रमजानमध्ये दिवसभर सिगारेटविना राहता येते, तर इफ्तारनंतर तरी कशाला, असे म्हणून त्यांनी ती सोडली. पहिले दोन-तीन आठवडे खोकला उलट वाढला. इथेच पुष्कळ लोक घाबरून पुन्हा सुरू करतात. खरे तर धुराने निकामी झालेले श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात, म्हणून असा खोकला येतो. मात्र त्यासोबत धाप किंवा ताप असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

दीड महिन्यानंतर वडिलांना जिना चढताना थांबावे लागेना. तोच पंप आता लागू पडू लागला. मुलीच्या खोकल्याच्या रात्री महिन्यातून एक-दोनवर आल्या. दमा मात्र गेलेला नाही. धूळ, थंडी, सर्दी यांनी तो आजही उठतो. म्हणून बरे वाटले तरी रोजचा पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

झटका आल्यावर मुलाला सलग वाक्य बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर लगेच आराम देणारा पंप स्पेसर लावून द्यावा आणि दवाखाना गाठावा. पंपाने गुण येतो का, हे पाहत घरी थांबू नये.

सिगारेट, विडी सोडण्यासाठी मदत हवी असेल तर 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर फोन मोफत करता येतो. अब्बांनी स्वतः करावा. अम्मीने नंबर लावून दिला तरी चालेल.